शेवटच्या बाकावरून वाचता येईल असं उत्तर

(प्रोजेक्टर बसवून घेतलेल्या आमच्या ग्राहकांसाठी)

प्रोजेक्टर बसवून दिल्यावर महिन्याभरात बहुतेक क्लासमधून एक फोन येतो : "चित्र छान दिसतं हो, पण मागची पोरं म्हणतात वाचता येत नाही." जाऊन पाहिलं तर मशीन ठीक असतं, फोकसही बरोबर असतो. अडचण असते ती पडद्यावर टाकलेल्या उत्तराची. सरांनी ते लॅपटॉपसमोर बसून, दीड फुटावरून, एकट्याला वाचायला लिहिलेलं असतं. तेच उत्तर साठ जण एकदम वाचायला लागले, की दोन गोष्टी बदलतात. प्रत्येकाचं अंतर वेगळं असतं आणि पान पुढे सरकवणं कुणाच्याच हातात नसतं.

आधी अंतराचं बघू. सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षेच्या एका क्लासचा हॉल घ्या. शेवटचा बाक पडद्यापासून २६ फुटांवर, म्हणजे साधारण ८ मीटर. पडदा ६ फूट रुंद, सव्वाशे सेंटिमीटरहून थोडा कमी उंच. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ६ मीटरवरून जी बारीक ओळ वाचायला लावतात, तिच्यातलं अक्षर जेमतेम ९ मिलिमीटरचं असतं. ८ मीटरला तेच १२ मिलिमीटर होईल. पण ते डोळे ताणून, एकेक अक्षर ओळखत वाचणं झालं. तास-दीड तास सहज वाचायचं तर आम्ही अंतराचा दोनशेवा भाग धरतो. म्हणजे या हॉलसाठी अक्षर ४ सेंटिमीटर हवं. हे माप शिरोरेघेपासून खाली, मात्रा-उकार सोडून नुसत्या 'क'चं घ्यायचं. पडद्यावर सरळ पट्टी लावून मोजा. फॉन्टचा आकडा २४ की ३२ यावर जाऊ नका, कारण एकाच आकड्याला दोन फॉन्टची अक्षरं लहान-मोठी पडतात.

आता त्या ४ सेंटिमीटरला ओळीची जागा किती लागते? मराठीत वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. ओळी दाटल्या तर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. त्यामुळे एका ओळीला साडेनऊ सेंटिमीटर सोडावेच लागतात. पडद्याच्या उंचीत अशा बारा ओळी बसतात. त्यातली वरची एक लॅपटॉपवर उघडलेल्या खिडकीच्या वरच्या पट्टीत जाते आणि खालच्या दोन पुढच्या मुलांच्या डोक्यांमागे जातात (पडद्याची खालची कड जमिनीपासून ४ फुटांच्या वर असेल तर या दोन ओळीही दिसतात, पण जुन्या वाड्यांतल्या खोल्यांना तेवढी उंची कुठली!). उरल्या नऊ. एका ओळीत सहा-सात शब्द. सगळं मिळून एका वेळी पडद्यावर ५० ते ६० शब्द. तुमचा हॉल याहून लांब आणि पडदा तेवढाच असेल तर त्याहून कमी.

म्हणून उत्तर लिहितानाच ते एका पडद्याचं लिहावं लागतं. त्याच क्लासमध्ये एका मुलीने विचारलं होतं : लोकसभेसारखी राज्यसभा बरखास्त का होत नाही? सरांच्या फाईलमधलं उत्तर दीड पानाचं, सुरुवात संविधान सभेतल्या चर्चेपासून आणि मूळ मुद्दा तिसऱ्या परिच्छेदात. सर वर-खाली सरकवत होते. पुढचे वाचून मोकळे, मागचे अजून दुसऱ्या ओळीवर. आम्ही तिथेच बसून त्याचं असं करून दिलं :

राज्यसभा बरखास्त होत नाही : कलम ८३(१).
सदस्याची मुदत ६ वर्षं.
दर २ वर्षांनी सुमारे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात.
तेवढ्याच जागा पुन्हा भरल्या जातात. बाकीचे सदस्य कायम.
म्हणून सभागृह एकदम रिकामं होत नाही.

थेट उत्तर पहिल्या ओळीत, कारण उशिरा मान वर करणारा आधी तिथेच बघतो. चर्चेचा इतिहास सरांनी तोंडी सांगायचा. ते तसंही त्यांना छान जमतं. हे उत्तर वाचायला अर्धा मिनिटही लागत नाही, पण वहीत उतरवायला दोन-तीन मिनिटं लागतात. म्हणून "नुसतं वाचा" की "लिहून घ्या" हे आधी सांगून टाका आणि मागचा हात खाली येईपर्यंत पान हलवू नका.

मुलांसमोर टाईप करत बसायचीही गरज नाही. ओळ वाढली की पान उडी मारतं आणि वाचणाऱ्याची नजर हरवते. रिमोटवर Freeze असं बटण असेल तर ते दाबा. पडद्यावर जुनं चित्र थांबून राहतं. तोवर लॅपटॉपवर उत्तर लिहा, Ctrl धरून माऊसचं चाक फिरवून मोठं करा, मग पुन्हा Freeze दाबा. याच वेळात मेल उघडला किंवा व्हॉट्सॲपचा निरोप आला तरी तो साठ जणांना दिसत नाही, हा वरचा फायदा. फक्त Freeze सोडायला विसरू नका. "प्रोजेक्टर अडकला" म्हणून आलेले निम्मे फोन याच विसरण्याचे असतात.

वाचता येतंय का हे स्वतः तपासू नका. मजकूर तुम्हीच लिहिलेला असतो, त्यामुळे अर्धं डोळे वाचतात आणि अर्धं आठवण. शेवटच्या बाकावर दुसऱ्या कुणाला बसवा आणि पडद्यावर सुटे शब्द टाका : धन, घन, भार, मार, मंद, मद. 'ध' आणि 'भ' यांच्या डोक्यावर शिरोरेघ तुटलेली असते. चित्र जरा धूसर झालं की ती फट बुजते आणि 'ध'चा 'घ', 'भ'चा 'म' होतो. वाक्यात असेल तर माणूस अंदाजाने बरोबर वाचतो, म्हणून सुटेच शब्द हवेत. चूक झाली तर आधी अक्षर वाढवा. मोठं करूनही फट बुजतच असेल तर पडद्याजवळची ट्यूब बंद करून बघा. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, खोलीतला उजेड जितका पडद्यावर पडेल तितकं अक्षर राखाडी दिसतं. तरीही नाही जमलं तर लॅपटॉपचं रिझोल्यूशन प्रोजेक्टरच्या मूळ रिझोल्यूशनइतकं करा. १९२० बाय १०८० चं चित्र १२८० बाय ८०० च्या मशीनने दाबून बसवलं की आधी बारीक रेघा जातात.

सोसायटीच्या किंवा ऑफिसच्या मीटिंगमध्ये काही जण घरून जोडलेले असतात. त्यांच्याकडे स्क्रीन व्हिडिओ म्हणून दाबून जाते, त्यामुळे सरकवताना अक्षरं फुटतात आणि थांबल्यावर दोन-तीन सेकंदांनी स्वच्छ होतात. लाल अक्षरं निळ्या-हिरव्या पट्ट्यावर टाकलीत तर थांबूनही कडा पसरलेल्याच राहतात. पांढऱ्यावर काळं बरं. वरचं ५०-६० शब्दांचं माप पाळलं असेल तर मोबाईल आडवा धरणाऱ्यालाही वाचता येतं. शेअर करताना पूर्ण स्क्रीन न देता उत्तराची एकच खिडकी द्या. कोथरूडच्या एका सोसायटीत मेंटेनन्सच्या प्रश्नाला उत्तर दाखवताना थकबाकीदारांची यादी शेजारीच उघडी होती. पुढचा पाऊण तास पाण्याच्या टाकीचा विषय निघालाच नाही.

मशीन बसवायला आमचा माणूस येईल तेव्हा वरचे सहा शब्द तोच पडद्यावर टाकेल. त्या वेळी शेवटच्या बाकावर तुमच्याकडचं कुणीतरी बसलेलं असू द्या, शक्यतो चष्मेवालं.