पार्श्वभूमी : प्रवासानंतर सुजलेली एक पोटरी आणि ‘इकॉनॉमी क्लास’ या नावाचा घोळ

ऑक्टोबर २००० मध्ये सिडनीहून लंडनला उतरलेली एक तरुणी विमानतळावरच कोसळली आणि दगावली. पायाच्या खोल शिरेत धरलेली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन अडकली होती. त्या बातमीनंतर ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ हे नाव घरोघरी पोहोचले. नाव त्याहून जुने. वैद्यकीय लिखाणात ते १९७७ मध्ये आले आणि १९८८ नंतर रुळले. मात्र या नावाने जेवढे लोक सावध झाले, तेवढेच गाफीलही राहिले.

कारण या दुखण्याचा विमानाशी मूळ संबंध नाही. १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा लोक रात्ररात्र निवाऱ्यांत कापडी आरामखुर्च्यांवर झोपत. खुर्चीची पुढची आडवी दांडी मांडीच्या मागे रुतायची. त्या काळात फुप्फुसातल्या गुठळीने होणारे मृत्यू अचानक वाढल्याचे शवविच्छेदन करणाऱ्या एका डॉक्टरांच्या लक्षात आले. तिथे ना विमान होते ना उंचीवरची विरळ हवा. होते ते फक्त तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवून बसणे. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या एका शल्यचिकित्सकाने प्रवासानंतरच्या गुठळ्यांची नोंद केली. त्यात चौदा तासांचा विमानप्रवास केलेला एक डॉक्टर होता, पण लेखाचे शीर्षक ‘दीर्घकाळ बसण्याविषयी’ होते. हे शीर्षकच टिकायला हवे होते.

रक्त पायातून वर चढते ते पोटरीचा स्नायू शिरा पिळतो म्हणून. स्नायू हलला नाही की शिरांच्या झडपांमागे रक्त साचते, आणि गुठळी बहुधा तिथेच धरू लागते. हे बिझनेस क्लासमध्येही होते आणि नागपूर–पुणे रात्रीच्या बसमध्येही. पण नावात ‘इकॉनॉमी’ असल्यामुळे महाग तिकीटवाल्याला वाटते आपण सुटलो, आणि बसवाल्याला वाटते हे आपले दुखणेच नव्हे. २०१२ मध्ये एका मार्गदर्शक सूचनेने स्पष्टच म्हटले, की इकॉनॉमीच्या आसनामुळे धोका वाढतो याला पुरावा नाही. खिडकीशी बसणाऱ्याला मात्र धोका जास्त, कारण तो उठत नाही.

२००० च्या त्या मृत्यूनंतरच्या वर्षांत प्रकरण न्यायालयातही गेले. १९२९ च्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे विमान कंपनीची जबाबदारी ‘अपघाता’ने झालेल्या इजेपुरती. गुठळी हा अपघात का? कंपन्यांना धोका माहीत होता, तरी त्यांनी सूचना दिली नाही, असा दावेदारांचा मुद्दा. अपघात म्हणजे प्रवाशाच्या शरीराबाहेर घडलेली अनपेक्षित घटना, आणि उड्डाण तर नेहमीसारखेच पार पडले, हा कंपन्यांचा मुद्दा. डिसेंबर २००५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च पीठाने कंपन्यांची बाजू उचलून धरली. कायद्याच्या भाषेत निकाल समजण्यासारखा आहे. पण तो फक्त एका शब्दाच्या अर्थावर होता. ‘कोर्टाने सांगितले, विमानाने गुठळी होत नाही’ असा त्याचा सोयीस्कर अर्थ लावला जातो, तो निकालात कुठेही नाही.

वैद्यकीय उत्तर पुढच्या दोन वर्षांत आले. चार तासांहून लांबच्या प्रवासाने धोका साधारण दोन-तीन पट होतो, आणि मोटार, बस, रेल्वे यांनाही ते लागू आहे. तरी मूळ धोकाच लहान, म्हणून निरोगी माणसात प्रमाण सुमारे ६००० प्रवासांत एक एवढेच निघाले. गर्भनिरोधक गोळ्या, आधी झालेली गुठळी, अलीकडची शस्त्रक्रिया, कर्करोग, बाळंतपण यांची भर पडली की ते चढते. धोका पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो आणि पुढे काही आठवडे रेंगाळतो. त्यामुळे ‘परत येऊन दहा दिवस झाले’ म्हणून प्रवास विसरू नये.

निदानाचा इतिहासही असाच अडखळत गेला. पाऊल वर दाबून पोटरी दुखते का पाहण्याची जुनी चाचणी आजही काही ठिकाणी होते. ती विश्वासार्ह नाही. गुठळी असूनही दुखत नाही, आणि नसूनही दुखते. १९८० च्या दशकात सोनोग्राफी आली. यंत्राचा हात शिरेवर दाबला की निरोगी शीर मिटते, गुठळी असेल तर मिटत नाही. १९९७ मध्ये सोनोग्राफीआधी वापरायची गुणांची पद्धत आली. गंमत अशी, की तिच्यात लांबच्या प्रवासाला एकही गुण नाही.

एक उदाहरण घेऊ. मुंबई–न्यूयॉर्क थेट विमानाने, सुमारे सोळा तास बसून गेलेली, गर्भनिरोधक गोळ्या घेणारी बेचाळीस वर्षांची स्त्री. तिसऱ्या दिवशी डावी पोटरी जड वाटते. नडगीच्या वरच्या टोकाला गुडघ्याखाली जो हाडाचा उंचवटा हाताला लागतो, तिथून दहा सेंटिमीटर खाली दोन्ही पायांना टेप लावायची. डावीकडे ३९, उजवीकडे ३५.५. फरक तीन सेंटिमीटरहून जास्त, म्हणून एक गुण. खोल शिरेच्या वाटेवर दाबल्यावर दुखते, एक गुण. सुजेवर बोट दाबून उचलले की त्याच पायावर खळगा राहतो, आणखी एक. दोन किंवा जास्त गुण म्हणजे गुठळीची शक्यता मोठी. इथे तीन झाले, तेही प्रवास आणि गोळ्या न मोजता. आता थेट पायाची डॉपलर सोनोग्राफी हवी.

फरक एकच सेंटिमीटर असता, आणि सामान उचलताना स्नायू लचकल्याचे दुसरे पटणारे कारण असते, तर दोन गुण वजा होतात. मग कोविडमध्ये सर्वांना पाठ झालेली डी-डायमर ही रक्तचाचणी आधी करतात. ती नॉर्मल आली तर सोनोग्राफीची गरज सहसा पडत नाही. वाढलेली आली म्हणून गुठळी सिद्ध होत नाही. जंतुसंसर्ग, गर्भारपण, नुसते वाढते वय यांनीही ती वाढते. उलट गुण जास्त असताना केवळ नॉर्मल डी-डायमर पाहून घरी जाणे ही नेहमीची चूक. दोन्ही घोटे सारखेच सुजले आणि रात्रभर पाय उशीवर ठेवून उतरले, तर ते बहुधा बसण्यानेच झालेले असते.

एकाच पायाची सूज, दुखणे, गरमपणा असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, सोमवारची वाट पाहू नये. पोटरी चोळू नये, तेलाने मालिश करवून घेऊ नये. ताजी गुठळी शिरेला नीट चिकटलेली नसते. अॅस्पिरिनने उपचार होत नाही. सोनोग्राफीला उशीर होणार असेल, तर रक्तस्रावाचा धोका तपासून डॉक्टर रक्त पातळ करणारे औषध आधीच सुरू करतात. दम लागणे, श्वास घेताना छातीत टोचणे, खोकल्यातून रक्त, भोवळ, यांतले काहीही झाले तर डॉपलर शोधत बसायचे नाही. महाराष्ट्रात १०८ ला फोन करून मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जायचे.

सोनोग्राफी नॉर्मल आली तरी एक मेख उरते. अनेक ठिकाणी फक्त मांडीच्या आणि गुडघ्यामागच्या शिरा दाबून पाहतात. पोटरीतली लहान गुठळी त्यातून निसटते आणि काही दिवसांत वर सरकू शकते. म्हणून गुण दोन किंवा जास्त, डी-डायमर वाढलेली आणि अहवाल नॉर्मल, अशा वेळी सहा ते आठ दिवसांनी तीच तपासणी पुन्हा करतात. पहिल्या तपासणीत पोटरीच्या शिरा पाहिल्या का, हे अहवालात लिहून घ्यावे.