कुलदैवत (विदर्भ) : भाऊकी आणि माहूरची वार्षिक वारी

एखाद्या कुळाने पिढ्यानपिढ्या पुजलेली देवता म्हणजे त्या कुळाचे कुलदैवत. पुरुषदेवता असल्यास कुलस्वामी, देवी असल्यास कुलस्वामिनी. ग्रामीण विदर्भात कूळ हा शब्द बोलण्यात कमी येतो, ‘भाऊकी’ अधिक येतो. सोयरीक ठरवताना विचारला जाणारा ‘तुमचं दैवत कोनतं?’ हा प्रश्नही भाऊकीचाच असतो. एका मूळ पुरुषाची मानली जाणारी घरे, ज्यांचे सुतक एकमेकांना लागते आणि ज्यांच्यात लग्न होत नाही, ती एक भाऊकी.

कुलदैवत, ग्रामदैवत आणि इष्टदैवत यांत गल्लत होते. वेशीवरचा मारोती किंवा मरीमाय ही गावाची देवता. गाव सोडले की तिचे देणे संपते. शेगावच्या गजानन महाराजांना अलीकडे काही घरे कुलदैवत म्हणून सांगतात. पण महाराज शेगावात प्रकट झाले ते 1878 मध्ये, तेव्हा ही श्रद्धा इष्टदैवताची म्हणावी लागते. कुलदैवत निवडता येत नाही, ते वडिलांकडून येते. लग्नानंतर स्त्रीचे कुलदैवत सासरचे होते. माहेरच्या देवीला ती जाते ती पाहुणी म्हणून.

देवक आणि गोत्र या निराळ्या बाबी आहेत. देवक म्हणजे लग्नाच्या आरंभी पुजली जाणारी वनस्पती किंवा वस्तू, आणि समान देवक विवाहाला आड येते. समान कुलदैवत मात्र सहसा आड येत नाही. येऊ लागले, तर यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात अनेकांना आपल्या जातीत स्थळ मिळणे अवघड होईल, कारण तिथल्या कितीतरी घरांची देवी एकच आहे : माहूरची रेणुका. गोंड समाजाची रीत वेगळी आहे. तिथे कुळे चार, पाच, सहा किंवा सात देवांची असतात, सारख्या संख्येचे देव मानणारे भाऊ समजले जातात, आणि भाऊ व सोयरे यांचा निवाडा या संख्येवरच होतो.

*माहूर आणि उत्पत्तीचा वाद.* माहूर पैनगंगेच्या दक्षिणेस, आजच्या नांदेड जिल्ह्यात आहे. प्रशासनाच्या दृष्टीने ते विदर्भात येत नाही. महाराष्ट्राच्या साडेतीन शक्तिपीठांत त्याची गणना होते. गाभाऱ्यात पूर्ण मूर्ती नाही, शेंदूर लावलेला मुखवट्याचा तांदळा आहे. त्याची कथा अशी : सहस्रार्जुनाने जमदग्नींचा वध केल्यावर परशुरामाने पित्याचे शव आणि माता रेणुका यांना कावडीत घेऊन कोरी भूमी शोधली, ती माहूरला सापडली. दत्तात्रेयांच्या आचार्यत्वाखाली अंत्यविधी झाला आणि रेणुका सती गेली. पुढे आईच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या परशुरामाला ‘मी जमिनीतून वर येईन, मागे पाहू नकोस’ असे वचन मिळाले, पण त्याने मागे पाहिले आणि केवळ मुख वर आले. रा. चिं. ढेरे यांनी रेणुकेचा संबंध ‘रेणु’ म्हणजे मातीचा कण, वारूळ आणि भूमीच्या सर्जनशक्तीशी जोडला. त्या मताप्रमाणे परशुरामकथा ही जुन्या भूमिपूजेवर नंतर चढलेली कथा ठरते. मुख तेवढे जमिनीबाहेर असलेली मूर्ती या मताला पोषक आहे. तथापि मूर्तीच्या रूपावरून पूजेचा काळ ठरवता येत नाही. मंदिर यादवकालीन असल्याचे सांगतात. आजच्या बांधकामात नंतरची भर बरीच दिसते.

विदर्भातील इतक्या घरांची कुलस्वामिनी नदीपलीकडे का, याची दोन उत्तरे दिली जातात. पहिले स्थलांतराचे : कूळ मूळचे त्या परिसरातले, पोटासाठी उत्तरेकडे सरकले आणि वर्षातून एकदा मूळस्थानी जाते. काही घरांबाबत हे खरे असू शकेल. पण एकाच देवीकडे कुणबी, माळी, तेली, सुतार, ब्राह्मण अशा नाना जातींची आणि आडनावांची घरे जातात. ती सगळी एकाच डोंगराच्या पायथ्याहून निघाली असे मानणे कठीण आहे. दुसरे उत्तर प्रदेशाचे. बहमनी काळाच्या उत्तरार्धात वऱ्हाडचे गाविल आणि माहूर असे दोन भाग केले गेले, आणि अकबरकालीन वर्णनात माहूर हे वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार आहे. म्हणजे पुसद, दिग्रस, दारव्हा आणि माहूर यांच्यामधली रेषा नंतरची. वऱ्हाड 1853 मध्ये इंग्रजांच्या कारभारात गेला, माहूर निजामाकडे राहिले, आणि वारी करणारी घरे दोन राज्यांच्या हद्दीवरून जाऊ लागली. 1956 च्या राज्यपुनर्रचनेने ती हद्द गेली, जिल्ह्याची राहिली. दुसरे उत्तर अधिक पटते. पशुपालक समाजांच्या अभ्यासातून सोंथायमर यांनी दाखवलेली आणखी एक गोष्ट येथे लक्षात घ्यावी : देव भक्तामागून येतो, नव्या मुक्कामी त्याचे ठाणे होते. विदर्भातील अनेक लहान रेणुकामंदिरे अशीच समजली जातात. तरी मूळ ठाण्याची फेरी त्यामुळे चुकत नाही.

*वारीचा क्रम.* नवरात्र आणि चैत्र पौर्णिमा हे शास्त्राचे दिवस. शेतकरी घरे पुष्कळदा कापूस विकून पैसा हाती आल्यावर, नांगरणीच्या आधी जातात. दारव्ह्याकडचे तीन भावांचे वेगळे झालेले घर घेऊ. जमीन वाटली गेली, देव वाटले गेले नाहीत. चांदीच्या पत्र्यावर उठवलेले टाक थोरल्याच्या देवघरात राहिले. जायच्या आदल्या दिवशी थोरली सून टाक चिंचेने घासून उजळते, आणि ते कापडात तांदळावर ठेवून सोबत घेतले जातात, कारण टाक देवीला ‘भेटवायचे’ असतात. माहूरला ओटी भरली जाते : पातळ, खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. प्रसाद असतो खलात कुटलेल्या विड्याच्या पानांचा, त्याला तांबूल म्हणतात. कुटल्याचा ठक ठक आवाज पायऱ्यांवर ऐकू येतो. मग मातृतीर्थ, दत्तशिखर आणि अनसूया. परतल्यावर घरी पुरणाचा नैवेद्य आणि पुरणाच्या दिव्यांची आरती होते. नवस असेल तर गोंधळ घालतात. नवे जोडपे आणि जावळ काढायचे मूल असेल त्या वर्षी सहसा सगळी भाऊकी जाते, एरवी प्रत्येक घरातला एखादा जण पुरतो.

भाऊकीत मृत्यू झाला तर सुतक फिटेपर्यंत वारी थांबते, काही घरे वर्षभर थांबतात. एखादे घर दोन-तीन वर्षे गेले नाही आणि घरात आजारपण आले, की ‘देवीचं राहिलं’ असा अर्थ लावला जातो.

कुलदैवत विसरलेली घरेही आहेत. शोधताना आधी टाक पाहावा. त्यावर घोडेस्वार असेल तर खंडोबा, अष्टभुजा असेल तर बहुधा भवानी. नंतर भाऊकीतले सर्वांत दूरचे घर गाठावे, कारण जवळच्यांनी एकमेकांचेच ऐकून सांगितलेले असते. त्यानंतर गोंधळी, आणि क्षेत्राच्या पुजाऱ्याची वही. केवळ आडनावावरून काढलेले उत्तर भरवशाचे नसते. एकाच आडनावाची दोन घरे, एक तुळजापूरला आणि एक माहूरला जाणारी, शेजारशेजारी सापडतात.