४०१ पैकी २ : शून्याजवळ पाठ्यपुस्तकातलं सूत्र का फसतं

एप्रिल २०२० च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या सँटा क्लारा काउंटीत ३,३३० लोकांच्या बोटातून रक्ताचे थेंब घेतले गेले. कोविड होऊन गेल्याची खूण, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडी, शोधणारी ती झटपट चाचणी होती. ५० जण पॉझिटिव्ह आले, म्हणजे दीड टक्का. या आकड्यावर पुढचे हिशेब करून स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अंदाज मांडला, की काउंटीत ४८ ते ८१ हजार लोकांना लागण होऊन गेली असावी. नोंदलेल्या रुग्णांच्या हे ५० ते ८५ पट होतं. बातमी जगभर गेली. संख्याशास्त्रज्ञांनी मात्र त्या ५० वर नाही, तर शोधनिबंधातल्या दुसऱ्याच एका लहानशा आकड्यावर बोट ठेवलं.

तो आकडा होता २. ज्यांना कोविड झालेलाच नाही अशांच्या ४०१ नमुन्यांवर ही चाचणी तपासली होती. त्यातले ३७१ नमुने चाचणी बनवणाऱ्यांचे होते आणि त्यांत २ चुकून पॉझिटिव्ह आले. उरलेले ३० स्टॅनफर्डने स्वतः तपासले. ते साथीच्या आधी खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचे होते आणि तीसच्या तीस निगेटिव्ह आले. एकूण खोटे पॉझिटिव्ह ४०१ मध्ये २, म्हणजे अर्धा टक्का. हा दर खरोखर अर्धा टक्का असेल तर ३,३३० मध्ये साधारण १७ खोटे पॉझिटिव्ह येतील आणि उरलेले ३३ खरे. पण दर दीड टक्का असेल तर? तर एकालाही लागण झालेली नसताना ५० जण पॉझिटिव्ह येतील. सगळा निकाल एका प्रश्नावर टांगलेला आहे: ४०१ पैकी २ चुका दिसल्या, तर चुकीचा खरा दर किती असू शकतो?

याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही, पट्ट्यात द्यावं लागतं. त्याला संख्याशास्त्रात कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात; मी इथे नुसतं पट्टा म्हणेन. ९५ टक्क्यांचा पट्टा म्हणजे असा पट्टा काढण्याची रीत, जी वारंवार वापरली तर शंभरातल्या साधारण ९५ वेळा खरा दर पट्ट्याच्या आत सापडतो. हे आश्वासन रीतीचं असतं, एखाद्या सुट्या पट्ट्याचं नव्हे. म्हणून रीत चांगली की वाईट हे तपासता येतं: खरा दर आपणच ठरवायचा आणि पट्टा त्याला किती वेळा गाठतो ते मोजायचं.

महाविद्यालयात शिकवली जाणारी रीत अशी. दिसलेलं प्रमाण p̂ आणि नमुन्यांची संख्या n घ्या, प्रमाणाचा स्टँडर्ड एरर, म्हणजे ते नशिबाने किती इकडेतिकडे होऊ शकतं याचं माप, काढा, त्याला १.९६ ने गुणा आणि तेवढं दोन्ही बाजूंना सरका.

```
p̂ ± 1.96 × √( p̂(1 − p̂) / n )
```

या सूत्राला संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्ड यांचं नाव चिकटलं आहे. (भारतात व्याख्यानांसाठी आलेले वाल्ड डिसेंबर १९५० मध्ये नीलगिरीच्या डोंगरांत विमान कोसळून वारले.) आपल्या आकड्यांत p̂ आहे ०.५० टक्के, स्टँडर्ड एरर ०.३५ टक्के, आणि पट्टा येतो उणे ०.१९ टक्क्यापासून १.१९ टक्क्यापर्यंत. चाचणी उणे वेळा चुकू शकत नाही, तेव्हा खालचं टोक निरर्थक आहे. तीच गोष्ट दुसऱ्या टोकाकडून पाहिली, म्हणजे ४०१ पैकी ३९९ वेळा चाचणी बरोबर आली असं म्हटलं, तर पट्टा ९८.८ पासून १००.२ टक्क्यांपर्यंत जातो. शंभरातल्या शंभराहून अधिक वेळा बरोबर!

बरेच जण इथे उणे टोक खोडून शून्य लिहितात आणि पुढे जातात. पण खालचं टोक हे फक्त लक्षण आहे, दुखणं वरच्या टोकात आहे. या पट्ट्याप्रमाणे ३,३३० मध्ये जास्तीत जास्त ४० खोटे पॉझिटिव्ह येऊ शकतात. म्हणजे किमान दहा जण तरी खरे. दिसायला हे अगदी निर्धास्त वाटतं.

स्टॅनफर्डच्या त्या ३० नमुन्यांवर हेच सूत्र चालवा, म्हणजे दुखणं उघडं पडेल. चुका शून्य, p̂ शून्य, म्हणून स्टँडर्ड एररही शून्य. पट्टा शून्यापासून शून्यापर्यंत! तीस नमुने तपासून सूत्र छातीठोकपणे सांगतं की ही चाचणी कधीच चुकणार नाही. आता खरा दर १ टक्का आहे असं धरू. तीस नमुन्यांत एकही चूक न दिसण्याची शक्यता ०.९९ चा तिसावा घात, म्हणजे ७४ टक्के. अशा प्रत्येक वेळी पट्टा शून्यावर मिटून जाईल आणि १ टक्का बाहेर राहील. एखादी जरी चूक दिसली तर १ टक्का पट्ट्यात येतो, पण ते घडतं २६ टक्के वेळाच. नाव ९५ टक्क्यांचं, काम २६ टक्क्यांचं.

असं होतं कारण सूत्र अनिश्चितता मोजायला जी फूटपट्टी वापरतं ती स्वतःच p̂ पासून बनवलेली असते. प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर p̂ थोडा इकडेतिकडे झाला तरी p(1 − p) फारसं बदलत नाही. शून्याजवळ मात्र ते जवळजवळ p इतकंच असतं. नशिबाने चुका कमी दिसल्या की अंदाज खाली घसरतो, आणि नेमका त्याच वेळी पट्टाही आखडतो. अंदाज सर्वांत चुकीचा असतो तेव्हाच सूत्र सर्वांत ठाम बोलतं. एकच्या टोकाला आरशातल्यासारखं हेच घडतं. ‘n मोठा असला की चालतं’ हा दिलासाही इथे कामाचा नाही. ४०१ काही लहान संख्या नाही, पण दिसलेल्या चुका दोनच आहेत, आणि टोकाजवळ खरी माहिती त्या दोनांतूनच येते.

अमेरिकेतले गणिती एडविन बी. विल्सन यांनी १९२७ मध्ये प्रश्नच उलटा विचारला. दिसलेल्या प्रमाणापासून फूटपट्टी बनवण्याऐवजी प्रत्येक संभाव्य खऱ्या दराला उमेदवार म्हणून उभं करायचं आणि त्याला म्हणायचं, तुझी फूटपट्टी तू आण. तू खरा असशील तर ४०१ नमुन्यांत किती चढउतार व्हायला हवा? त्या मापाने पाहिलं तर दिसलेला अर्धा टक्का तुझ्यापासून फार लांब आहे का? १.९६ पावलांच्या आत असेल तर उमेदवार पट्ट्यात, नाहीतर बाद.

दीड टक्क्याच्या उमेदवारावर हे करून पाहू. दिसलेलं प्रमाण त्याच्यापासून १ टक्का खाली आहे. वाल्डच्या फूटपट्टीचं एक पाऊल ०.३५ टक्क्याचं, म्हणून हे अंतर २.८५ पावलं भरतं आणि उमेदवार बाद होतो. पण खरा दर दीड टक्का असता तर चढउतार मोठा असता: त्याचं स्वतःचं पाऊल ०.६१ टक्क्याचं आहे. त्याने मोजलं तर तेच अंतर १.६५ पावलं. उमेदवार टिकतो. दुसऱ्या वाटेनेही खात्री करता येते. खरा दर दीड टक्का असताना ४०१ मध्ये २ किंवा त्याहून कमी चुका दिसण्याची नेमकी शक्यता काढली तर ती ६ टक्के येते. कमी आहे, पण दीड टक्क्याला हाकलून द्यावं इतकी कमी नाही.

प्रत्येक उमेदवार असा एकेक करून तपासायची गरज नसते. ‘अंतर बरोबर १.९६ पावलं’ ही अट लिहिली की शाळेतलं वर्गसमीकरण मिळतं, आणि त्याची दोन मुळं हीच पट्ट्याची दोन टोकं.

```python
from math import sqrt

def wilson(x, n, z=1.96):
    c = (x + z*z/2) / (n + z*z)
    h = z / (n + z*z) * sqrt(x*(n - x)/n + z*z/4)
    return c - h, c + h

print(wilson(2, 401))
```

उत्तर ०.१४ टक्क्यापासून १.८ टक्क्यापर्यंत. दीड टक्का आत आहे. म्हणजे ४०१ नमुन्यांच्या त्या पुराव्यावर पन्नासही पॉझिटिव्ह खोटे असण्याची शक्यता फेटाळता येत नव्हती. सूत्र बदललं आणि निष्कर्षाच्या पायाखालची जमीन सरकली. आकडे तेच होते.

या कोडमधली `c` ची ओळ थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. १.९६ चा वर्ग ३.८४, जवळपास ४. म्हणजे पट्ट्याचा मध्य काढताना विल्सन जणू चार खोटे नमुने जोडतात, दोन चुकलेले आणि दोन न चुकलेले, आणि मग भाग देतात. त्यामुळे मध्य टोकापासून थोडा आत सरकतो. पट्टा p̂ च्या दोन्ही बाजूंना सारखा राहत नाही. तो मोकळ्या बाजूला लांबतो आणि शून्याची किंवा एकची हद्द कधी ओलांडत नाही. तीस पैकी शून्य चुकांसाठी तो शून्यापासून ११.४ टक्क्यांपर्यंत जातो. तीस नमुन्यांतून याहून जास्त शहाणपण निघत नाही, आणि मला वाटतं हे असं नागडं समोर दिसलेलंच बरं.

या पट्ट्याला स्कोअर पट्टा म्हणतात. चाचणीच्या गुणांशी त्या नावाचा संबंध नाही. उमेदवार मूल्याशी उभं राहून आकडे कुठल्या दिशेला आणि किती जोराने ओढतात, त्या ओढीला संख्याशास्त्रात स्कोअर म्हणतात. तिच्यावर उभी असलेली सर्वसाधारण परीक्षा भारतीय संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी १९४८ मध्ये मांडली, आणि विल्सन यांची जुनी युक्ती तिच्यात अलगद बसली.

रीत निर्दोष नाही. तीस नमुने आणि १ टक्का खरा दर असताना विल्सनचा पट्टा ९६ टक्के वेळा दर गाठतो. पण दर ०.५९ टक्क्याच्या किंचित खाली नेला की तेच काम ८४ टक्क्यांवर घसरतं, कारण एक चूक दिसली तरी पट्ट्याचं खालचं टोक त्या दराच्या वर जातं. ९५ च्या खाली कधीच यायचं नाही अशी अट असेल तर क्लॉपर आणि पिअर्सन यांची १९३४ मधली रीत आहे. ती आश्वासन पाळते, मात्र बहुतेक वेळा गरजेपेक्षा रुंद पट्टा देते. औषधाच्या सुरक्षिततेसारख्या ठिकाणी मी तीच घेईन. रोजच्या कामाला विल्सन पुरतो.

सँटा क्लाराच्या संशोधकांनी पुढच्या आवृत्तीत खोट्या पॉझिटिव्हची तपासणी ३,३२४ नमुन्यांपर्यंत वाढवली. त्यात १६ चुका दिसल्या. दर पुन्हा अर्धा टक्काच, पण विल्सनचा पट्टा आता ०.३ ते ०.७८ टक्के, दीड टक्क्याच्या बराच खाली. मात्र हे नमुने वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा केलेले होते, आणि सूत्र ते सगळे एकाच पोत्यातले धरतं. ठिकाणागणिक चुकीचा दर वेगळा असेल, तर खरा पट्टा या ०.३ ते ०.७८ पेक्षा रुंद असतो, आणि किती रुंद हे १६ आणि ३,३२४ या दोन आकड्यांत कुठेच लिहिलेलं नसतं.