फुकट वायफायची पहिली दोन मिनिटं

ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर या प्रोग्रामरने फायरशीप नावाचं फायरफॉक्सचं एक एक्स्टेंशन जाहीर केलं. ते घालून उघड्या वायफायवर बसलं, की शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं फेसबुक खातं फोटोसकट पडद्याच्या कडेला दिसायचं. त्यावर डबल क्लिक केलं की ते आपल्या लॅपटॉपवर उघडायचं, तेही पासवर्ड न चोरता. त्या वेळी बऱ्याच साइट्स फक्त लॉगिनचं पान एन्क्रिप्ट करत आणि पुढची पानं उघडीच पाठवत. प्रत्येक पानाबरोबर ब्राउझर एक कुकी पाठवतो, म्हणजे ‘हा माणूस लॉगिन करून आत आलेला आहे’ असा पास. हा पास हवेतून उघडा जात होता, आणि फायरशीप तो उचलत होतं.

सार्वजनिक वायफायची जी भीती आजही सांगितली जाते, ती बरीचशी त्या काळातली आहे. आता जवळपास प्रत्येक साइट पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एचटीटीपीएसवर, म्हणजे एन्क्रिप्ट होऊनच चालते, त्यामुळे शेजाऱ्याने हवेतून काही उचललं तरी हाती नुसता कचरा येतो. धोका संपलेला नाही, पण तो सरकला आहे. माझ्या मते आज तो मुख्यतः जोडणीच्या पहिल्या एकदोन मिनिटांत असतो.

समजा, विमानतळावर तीन तास काढायचे आहेत, लॅपटॉपची बॅटरी १८ टक्क्यांवर आहे आणि एक बिल भरायचं आहे. वायफायच्या यादीत विमानतळाच्या नावाची दोन नेटवर्क दिसतात. दोन्ही खरी असतील, किंवा त्यातलं एक कुणाच्या तरी बॅगेतल्या छोट्या राउटरचं असेल. नावावरून ते कळत नाही, कारण नेटवर्कला कुणीही कुठलंही नाव देऊ शकतो. भिंतीवर पासवर्ड लिहिलेला असला तरी फार फरक पडत नाही. डब्ल्यूपीए२ या वायफाय सुरक्षेच्या पद्धतीत तोच पासवर्ड ज्याच्याकडे आहे आणि ज्याने तुमचं उपकरण जोडलं जातानाची देवाणघेवाण टिपली आहे, त्याला तुमच्या वायफायचं कुलूप उघडता येतं. डब्ल्यूपीए३ ने ही फट बुजवली, पण बाहेर अजून जुनी उपकरणं भरपूर आहेत.

विंडोजमध्ये प्रत्येक नेटवर्क सार्वजनिक की खासगी, हे त्याच्या सेटिंग्जमध्ये ठरवता येतं. इथे Public network निवडायचं. मग लॅपटॉप त्या नेटवर्कवरच्या इतरांना दिसत नाही आणि फाइल शेअरिंगची दारं बंद राहतात.

पुढे नेटवर्कचं लॉगिन पान येतं. त्यामागची युक्ती मजेशीर आहे. जोडणी होताच विंडोज गुपचूप एक छोटी फाइल मागतं:

```
http://www.msftconnecttest.com/connecttest.txt
```

उत्तरात Microsoft Connect Test एवढेच शब्द आले, तर इंटरनेट मोकळं आहे. दुसरंच काही आलं, तर वाटेत कुणीतरी अडवतं आहे, आणि मग ते पान तुमच्यासमोर उघडलं जातं. नीट पाहिलं तर हे अधिकृतपणे केलेलं अपहरणच आहे: तुम्ही मागता एक पान आणि मधला माणूस देतो दुसरं. पत्ता मुद्दाम एचटीटीपीएसचा नाही, कारण एचटीटीपीएस असतं तर अशी अदलाबदल जमलीच नसती.

म्हणून या पानाला कमीत कमी द्यायचं. नाव आणि मोबाईल नंबर मागणं समजू शकतं. पण ‘गूगलने लॉगिन करा’ म्हणून तिथेच ईमेलचा पासवर्ड मागितला, किंवा एखादं सर्टिफिकेट वा प्रोग्राम इन्स्टॉल करायला सांगितलं, तर तिथून उठायचं. विशेषतः सर्टिफिकेटला कधीच होकार द्यायचा नाही. पुढचं सगळं संरक्षण ज्याच्यावर उभं आहे, ती गोष्ट सर्टिफिकेट हीच आहे.

वायफायचा मालक, खरा असो वा खोटा, तुमच्या लॅपटॉपशी एका बाबतीत सहज खोटं बोलू शकतो. ‘माझ्या बँकेचा पत्ता काय?’ हा प्रश्न लॅपटॉप डीएनएस सर्व्हरला विचारतो, आणि तो सर्व्हर कोणता हे बहुधा वायफायच सांगतं. मालकाने बँकेऐवजी स्वतःच्या संगणकाचा पत्ता दिला, तर ब्राउझर बिनबोभाट तिकडे जातो. पण मग ब्राउझर म्हणतो, तू या नावाची बँक आहेस याचं प्रमाणपत्र दाखव. ते प्रमाणपत्र ब्राउझरला मान्य असलेल्या संस्थेने, बँकेच्या नेमक्या त्याच नावाला दिलेलं असावं लागतं. चोराकडे ते नसतं. पडदाभर इशारा येतो आणि हल्ला तिथेच फसतो. अपवाद एकच: माणूस Advanced वर क्लिक करून ‘तरीही पुढे जा’ म्हणतो.

पंचाईत ही की असा इशारा निष्पाप कारणांनीही येतो. एका हॉटेलात माझ्या मेल प्रोग्रामने सर्टिफिकेट चुकीचं असल्याची तक्रार केली आणि मी घाबरून लॅपटॉप मिटला. नंतर लक्षात आलं, मी लॉगिन पानावर ‘मान्य’ दाबलंच नव्हतं. हॉटेलचा राउटर मेल सर्व्हरच्या जागी स्वतः उत्तर देत होता. तेव्हापासून माझा नियम ठरला आहे. इशारा आला की पुढे जायचं नाही. ब्राउझरमध्ये http://neverssl.com उघडायचं. हे पान मुद्दाम एन्क्रिप्शनविना ठेवलेलं आहे, त्यामुळे लॉगिन पान अडकलं असेल तर त्याच्या जागी ते समोर येतं. ते उरकल्यावर इशारा गेला, तर भानगड लॉगिनची होती. लॉगिननंतरही ओळखीच्या साइटवर इशारा येतच राहिला, तर आधी लॅपटॉपचं घड्याळ आणि तारीख बरोबर आहे ना ते पाहायचं, आणि बरोबर असेल तर ते वायफाय सोडायचं. अनेक मोठ्या साइट्सनी ब्राउझरला आधीच बजावून ठेवलेलं असतं की आमच्या बाबतीत इशारा आला तर पुढे जायचं बटणही दाखवू नकोस. बटण नाही म्हणून चिडू नये, ते तुमच्यासाठीच काढलेलं असतं.

कुलपाच्या चिन्हाबद्दल एक गैरसमज मात्र काढायला हवा. कुलूप म्हणजे ‘पत्त्यात लिहिलेल्या नावाशीच तुम्ही बोलता आहात’ एवढंच. ते नाव बँकेचं आहे की एक अक्षर बदलून घेतलेलं, हे कुलूप सांगत नाही. म्हणून बँक बुकमार्कमधून उघडावी, लॉगिन पानावरच्या किंवा मेसेजमधल्या लिंकवरून नव्हे.

मग व्हीपीएन कशाला? एचटीटीपीएसने मजकूर झाकला तरी तुम्ही कोणत्या साइटवर गेलात हे बहुतेक वेळा दिसतं. डीएनएसचे प्रश्न बऱ्याचदा उघडे जातात आणि जोडणी सुरू करताना साइटचं नावही सहसा उघडं सांगितलं जातं. बँकेत किती पैसे आहेत ते वायफायवाल्याला कळत नाही, पण बँक कोणती ते कळतं. व्हीपीएन लॅपटॉपपासून स्वतःच्या सर्व्हरपर्यंत एक बंद बोगदा काढतो, त्यामुळे वायफायवाल्याला फक्त त्या सर्व्हरकडे जाणारी रहदारी दिसते. ऑफिसच्या आतल्या यंत्रणेत शिरायचं असेल, एखादं जुनं सॉफ्टवेअर अजून एन्क्रिप्शनविना चालत असेल, किंवा कुठे काय वाचतो हे कुणाला कळू नये असं वाटत असेल, तर तो उपयोगी आहे. बिल भरायला त्याची गरज नाही. आणि वायफायवाल्याला जे दिसलं असतं ते आता व्हीपीएन कंपनीला दिसतं, हे विसरू नये. तिचा धंदा कशावर चालतो ते कळत नसेल, तर विमानतळ बरा. खोट्या साइटवर तुम्ही स्वतः पासवर्ड टाकलात, तर बोगदा तो सुखरूप चोराकडे पोचवतो.

व्हीपीएनची अडचण पुन्हा पहिल्या दोन मिनिटांचीच. लॉगिन पान उरकल्याशिवाय बोगदा सुरू होत नाही, आणि तेवढ्या वेळात मेल, फाइल सिंक, मेसेंजर सगळे आपापल्या सर्व्हरकडे धावत सुटतात. हे टाळायचं तर जोडण्याआधी ते बंद करायचे. व्हीपीएनमधला किल स्विच बोगद्याबाहेरची रहदारी अडवतो, पण तोच कधीकधी लॉगिन पानही अडवतो. मग लोक तो बंद करतात आणि परत चालू करायला विसरतात.

मे २०२४ मध्ये लेव्हायथन सिक्युरिटीच्या संशोधकांनी टनेलव्हिजन नावाची आणखी एक फट दाखवली. वायफाय लॅपटॉपला आयपी पत्ता देतं त्याच वेळी ‘अमुक पत्त्यांकडे या रस्त्याने जा’ असंही सांगू शकतं. व्हीपीएनचा नियम असतो ‘सगळं बोगद्यातून’. पण संगणक जास्त नेमक्या सूचनेला आधी मान देतो, म्हणून वायफायची नेमकी सूचना जिंकते आणि रहदारी बोगद्याबाहेरून जाते. व्हीपीएन मात्र ‘कनेक्टेड’ दाखवत राहतो. आतला मजकूर एचटीटीपीएसने झाकलेलाच असतो, त्यामुळे गहजब नको. पण ज्याला खरोखर लपायचं आहे त्याने मोबाईलचा हॉटस्पॉट वापरावा, कारण तिथे या सूचना देणारा तुमचाच फोन असतो.

आता १८ टक्के बॅटरीकडे. स्वतःचा अडॅप्टर भिंतीतल्या साध्या सॉकेटमध्ये लावला तर विषय संपला, त्या वाटेने डेटा येत नाही. प्रश्न यूएसबी पॉइंटचा आहे. जुना चौकोनी यूएसबी पॉइंट सहसा ५ व्होल्टच देतो आणि लॅपटॉपला तो सहसा पुरत नाही. यूएसबी-सी मध्ये चार्जर आणि लॅपटॉप एका वेगळ्या तारेवरून बोलून २० व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त ठरवू शकतात. पण त्याच केबलमध्ये डेटाच्या ताराही असतात.

चार्जिंग पॉइंटमधून डेटा चोरण्याचं, म्हणजे ‘ज्यूस जॅकिंग’चं प्रात्यक्षिक २०११ च्या डेफ कॉन या हॅकर परिषदेत झालं. त्यानंतर इशारे पुष्कळ निघाले, पण २०२३ मध्ये एफसीसी या अमेरिकेच्या दूरसंचार नियामक संस्थेने सांगितलं की असा एकही खात्रीचा प्रकार आपल्याला ठाऊक नाही. ती चर्चाही मुख्यतः फोनबद्दल होती. लॅपटॉपची गोष्ट वेगळी आहे. तो यूएसबीवर यजमान असतो, म्हणजे समोरचा ‘मी कीबोर्ड आहे’ म्हणाला की त्याला आत घेतो. हा भोळेपणा २०१४ मध्ये बॅडयूएसबी या संशोधनाने उघडा पाडला: असा खोटा कीबोर्ड काही सेकंदांत कमांड टाइप करून मोकळा होतो. स्क्रीन लॉक असेल तर ती अक्षरं पासवर्डच्या चौकटीत वाया जातात, लॅपटॉप पूर्ण बंद असेल तर घ्यायलाच कुणी नसतं. त्याहून सोपा उपाय म्हणजे पॉइंटवर पॉवर बँक चार्ज करायची आणि तिच्यावर लॅपटॉप. पॉवर बँकेत चोरण्यासारखं काही नसतं. २०,००० एमएएच म्हणजे साधारण ७४ वॉट-तास, विमानात नेहमी चालणाऱ्या १०० वॉट-तासांच्या आत. पण ती लॅपटॉपला पुरेसे वॉट देणारी हवी. खुर्चीवर कुणी विसरलेली केबल मात्र हातही लावू नये. टोकात चिप दडवलेल्या केबल विकत मिळतात.

विमानाची घोषणा झाल्यावर एक काम उरतं. लॅपटॉपने त्या नेटवर्कचं नाव लक्षात ठेवलेलं असतं, आणि उघड्या नेटवर्कची ओळख फक्त नावावरून पटते. पुढे कुठेही कुणी त्याच नावाचा राउटर लावला, तर ‘आपोआप जोडा’वर खूण असलेला लॅपटॉप तुम्हाला न विचारता त्याला जोडला जाईल. सेटिंग्जमधून ते नाव काढता येतं, किंवा विंडोजवर या दोन ओळींनी. पहिली यादी दाखवते, दुसरी नाव पुसते:

```
netsh wlan show profiles
netsh wlan delete profile name="नेटवर्कचे नाव"
```

मी ही यादी पहिल्यांदा उघडली तेव्हा तिच्यात एकोणचाळीस नावं होती. त्यातली निम्मी कुठली, ते मला आजही आठवत नाही.