लव्ह-बॉम्बिंग: ऑनलाइन ओळखीच्या पहिल्या आठवड्यांतील खुणा

लव्ह-बॉम्बिंग म्हणजे पुरती ओळख होण्याआधीच कौतुक, प्रेमाच्या कबुल्या आणि सततचा संपर्क यांचा मारा करून समोरच्या माणसाला आपल्यावर अवलंबून करणे. १९७० च्या दशकात युनिफिकेशन चर्च या पंथात नवागतांना आपुलकीने वेढून टाकण्याच्या पद्धतीसाठी हा शब्द वापरला जाई. प्रेमसंबंधांसाठी तो पुढे रूढ झाला. ऑनलाइन ओळखीत हा मारा मुख्यतः मेसेजमधून होतो, त्यामुळे तो बराचसा मोजता येतो.

नुसता आकडा मात्र फसवा असतो. दोघेही सारख्याच उत्साहाने दिवसाला शंभर मेसेज करत असतील, तर ती नव्या प्रेमाची नेहमीची भरती असू शकते. पाहायचे ते प्रमाण. एका आठवड्याचे दोघांचे मेसेज वेगवेगळे मोजावेत. काही जण एकच वाक्य चार तुकड्यांत पाठवतात, म्हणून एका दमात आलेले असे तुकडे एकच मेसेज धरावेत. उत्तर आलेले नसताना किती वेळा पुन्हा मेसेज आला, हे वेगळे लिहून ठेवावे. सगळ्यात बोलका आकडा तोच.

समजा, तिसऱ्या दिवशी दोघांचे पंधरा-पंधरा मेसेज आहेत. नवव्या दिवशी तिचे चौदा, त्याचे एकेचाळीस. त्यांतले अकरा ती कामात असताना, उत्तराविना आलेले. सकाळी ‘तुझ्याशिवाय दिवस सुरूच होत नाही’, दुपारी ‘कुठे आहेस?’, संध्याकाळी ‘ऑनलाइन दिसतेस, मग बोलत का नाहीस?’ सकाळचे कौतुक संध्याकाळपर्यंत जाब विचारण्यावर आले आहे.

तीव्रता जोखताना एक प्रश्न पुरतो: हे वाक्य दुसऱ्या कुणालाही जसेच्या तसे पाठवता आले असते का? ‘तुझ्यासारखं कुणी भेटलंच नाही’ हे कुणालाही चालते. तिने काल सांगितलेल्या परीक्षेची आज आठवणीने केलेली चौकशी तशी चालत नाही. प्रत्यक्ष भेट झालेली नसताना लग्नाच्या आणाभाका आणि तिच्याविषयीचे प्रश्न मात्र मोजकेच, ही जोडी धोक्याची.

खात्रीची कसोटी म्हणजे वेग कमी करण्याची स्पष्ट विनंती: ‘मी दिवसा फोन बघत नाही, रात्री नऊनंतर बोलू.’ पुढचा आठवडाभर निरीक्षण करावे. उतावळा किंवा एकटा पडलेला माणूसही भरमसाट लिहितो, पण सांगितल्यावर बहुधा ओशाळतो आणि आवरतो. लव्ह-बॉम्बिंगमध्ये दोन-तीन दिवस माफी आणि दुप्पट गोडवा येतो, मग रुसवा, अबोला किंवा ‘मी एवढं करतो आणि तू?’ असा हिशेब. मुद्दाम धरलेला अबोलाही त्याच साखळीतला असतो, कारण सवय लागलेला ओघ एकदम तुटला की माणूस तो परत मिळवण्यासाठी स्वतःची मर्यादा मागे घेतो.

याच टप्प्यावर पैशांची किंवा खासगी फोटोंची मागणी आली, तर हे आर्थिक फसवणुकीचे किंवा ब्लॅकमेलचे जाळे असू शकते. काहीही पाठवू नये. ब्लॉक करण्याआधी चॅट आणि प्रोफाइलचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत, कारण समोरच्याने खाते बंद केल्यावर प्रोफाइल पुन्हा हाती लागेलच असे नाही.