मध्येच डोकावण्याची किंमत

ऑक्टोबर १९७९. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांवर प्रोप्रानोलॉल या औषधाची मोठी चाचणी सुरू होती. तिचं नाव बीटा-ब्लॉकर हार्ट अटॅक ट्रायल, संक्षेपात ‘बीहॅट’. निम्म्या रुग्णांना औषध, निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी. आकड्यांवर नजर ठेवणाऱ्या समितीची दुसरी बैठक भरली तेव्हा दोन गटांतल्या मृत्यूंचा फरक मोजणारं झेड मूल्य २.२४ होतं. एरवी १.९६ ओलांडलं की निकाल लक्षणीय मानतात. तरीही समितीने चाचणी थांबवली नाही. मार्च १९८० मध्ये २.३७, ऑक्टोबरमध्ये २.३०, एप्रिल १९८१ मध्ये २.३४ आलं, तरी चाचणी चालूच राहिली.

हा हट्ट समजून घ्यायचा तर दहा वर्षं मागे जावं लागतं. १९६९ साली संख्याशास्त्रज्ञ पीटर आर्मिटेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक हिशोब मांडला. औषधाचा काहीच उपयोग नाही असं धरा. शेवटी एकदाच आकडे पाहिले, तर दोन गटांत फरक असल्याचा खोटा निकाल येण्याची शक्यता ५ टक्के. पण सारख्या अंतराने पाच वेळा पाहिलं आणि दरवेळी तीच १.९६ ची फूटपट्टी लावली, तर ती शक्यता १४ टक्क्यांवर जाते. दहा वेळा पाहिलं तर १९ टक्क्यांवर. फासा पुनःपुन्हा टाकत राहिलं की केव्हा ना केव्हा सहा पडतोच, तसंच हे.

दर निरीक्षणानंतर निर्णय घ्यायची रीत अब्राहम वाल्ड यांनी दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या सुमारास, शस्त्रसामग्रीच्या तपासणीसाठी बसवली होती. (आपल्या पूर्वसुरींमध्ये वाल्ड यांनी बंगालच्या तागाच्या पिकाची टप्प्याटप्प्याने पाहणी करणाऱ्या महालनोबिसांचाही उल्लेख केला आहे.) पण वाल्ड यांच्या मूळ पद्धतीत नमुना संख्येला वरचं टोक नव्हतं. निर्णय लागेपर्यंत एकेक नग तपासत जायचं. कारखान्यात हे जमतं. चाचणीला मात्र पैसा, रुग्णालयं आणि औषधाचा साठा आधी ठरवावा लागतो, आणि एका रुग्णाचा निकाल कळायला महिने जातात. “जास्तीत जास्त किती रुग्ण?” या प्रश्नाला आकड्यात उत्तर हवं असतं.

ते उत्तर १९७७ मध्ये स्टुअर्ट पोकॉक यांनी दिलं. रुग्णांचे सारखे गट पाडायचे, प्रत्येक गटाचा निकाल हाती आला की एकदा डोकवायचं, आणि सगळ्या डोकावण्यांना झेडची एकच, पण १.९६ पेक्षा कडक सीमा लावायची. पाच डोकावण्यांसाठी ती सीमा २.४१ येते. ती लावली की खोट्या निकालाची एकूण शक्यता पुन्हा ५ टक्क्यांवर येते. दोनच वर्षांनी पीटर ओब्रायन आणि थॉमस फ्लेमिंग यांनी वेगळा आकार सुचवला. सुरुवातीला सीमा जवळजवळ अशक्य ठेवायची आणि पुढे उतरवत न्यायची: ४.५६, ३.२३, २.६३, २.२८ आणि शेवटी २.०४.

आता रुग्णांचं गणित. समजा, प्लासिबोवर २० टक्के रुग्ण दगावतात आणि औषधाने ते प्रमाण १५ टक्क्यांवर येईल असा अंदाज आहे. हा फरक खरा असेल तर तो ९० टक्के खात्रीने पकडायचा आहे. मध्ये न पाहता एकदाच निकाल लावायचा असेल तर दोन्ही गट मिळून सुमारे २,४२० रुग्ण लागतात. पाच वेळा डोकवायचं ठरवलं, तर पोकॉक यांच्या सीमेने कमाल संख्या १.२०७ पट, म्हणजे सुमारे २,९२० होते. ओब्रायन-फ्लेमिंग यांच्या सीमेने ती १.०२६ पट, म्हणजे २,४८० च्या आसपास राहते. एकीकडे पाचशे रुग्णांची भर, दुसरीकडे साठांची.

ही भर का लागते, हे शेवटच्या डोकावण्याकडे पाहिलं की कळतं. तिथे १.९६ ऐवजी २.४१ गाठायचं असेल तर खराखुरा फरकही निसटण्याची भीती वाढते, आणि ती घालवायला रुग्ण वाढवावे लागतात. नुसत्या त्या शेवटच्या सीमेचा हिशोब केला तर भर ३० टक्क्यांच्या घरात जाते. प्रत्यक्षात ती २१ टक्क्यांवर थांबते, कारण शेवटी निसटले असते असे काही निकाल आधीच्या डोकावण्यांत सापडलेले असतात. ओब्रायन-फ्लेमिंग यांची शेवटची सीमा १.९६ ला जवळजवळ चिकटलेली आहे, म्हणून तिची भरपाईही किरकोळ.

मग पोकॉक यांची सीमा कोणी का घ्यावी? कारण औषध खरंच अंदाजाइतकं चांगलं असेल तर ती लवकर सुटका करते. वरच्या उदाहरणात अशी चाचणी सरासरी सुमारे १,६५० रुग्णांत आटोपते, तर ओब्रायन-फ्लेमिंग यांच्या सीमेने सुमारे १,८०० लागतात. म्हणजे कमाल संख्या एकवेळच्या चाचणीपेक्षा मोठी, पण सरासरी लहान. अनुदान मागताना मात्र कमाल आकडाच लिहावा लागतो. सरासरीतल्या दीडशेच्या बचतीसाठी कमाल संख्या साडेचारशेने वाढवायची, हा सौदा मला तरी महागच वाटतो. शिवाय पोकॉक यांच्या सीमेत एक अवघड जागा आहे. शेवटी झेड २.३ आलं तर मध्ये कधीच न पाहिलेल्या चाचणीत ते यश ठरतं, इथे अपयश.

बीहॅटने ओब्रायन-फ्लेमिंग यांची वाट धरली होती, सात बैठका धरून. १९७९ च्या त्या बैठकीची सीमा होती ३.८६, म्हणून २.२४ पुरेसं नव्हतं. एप्रिल १९८१ ची सीमा २.४४, तिथेही २.३४ थोडक्यात राहिलं. ऑक्टोबर १९८१ च्या सहाव्या बैठकीत सीमा २.२३ वर आली आणि झेड २.८२ वर गेलं. चाचणी ठरल्यापेक्षा नऊ महिने आधी थांबली. औषध घेणाऱ्यांत ७.२ टक्के मृत्यू, प्लासिबोवर ९.८ टक्के.

गंमत अशी की रुग्णसंख्येत काहीच बचत झाली नव्हती. ३,८३७ जणांची भरती वर्षभर आधीच संपली होती. वाचले ते पाठपुराव्याचे नऊ महिने, आणि प्लासिबोवरच्या लोकांना निकाल तेवढा लवकर कळला. मृत्यू मोजणाऱ्या चाचणीत खरी कमाल मर्यादा रुग्णांची नसून मृत्यूंची असते. डोकावणं किती टक्क्यांवर आलं, हे अपेक्षित मृत्यूंपैकी किती झाले यावरून ठरतं.

तिथेच बीहॅटचं एक गणित अडखळत होतं. बैठका कॅलेंडर पाहून भरत, आणि दोन बैठकांमधले मृत्यू काही सारखे नसत, पण सीमा मात्र सारख्या टप्प्यांसाठी काढलेल्या. या अडचणीवर गॉर्डन लान आणि डेव्हिड डीमेट्स यांनी १९८३ मध्ये तोडगा काढला. ५ टक्के चुकीची मुभा ही खर्चायची रक्कम माना आणि किती माहिती जमल्यावर त्यातली किती खर्चायची याचा नियम आधी लिहून ठेवा. मग बैठक केव्हाही भरो, त्या दिवशीची सीमा नियमातून निघते. मुभा मिळाली ती वेळापत्रकाची. मधला निकाल ‘थोडक्यात हुकतोय’ म्हणून कमाल संख्याच वाढवली तर जुन्या सीमा लागू राहत नाहीत आणि ५ टक्क्यांची हमी जाते. त्यासाठी वेगळी पद्धत लागते, आणि तीही आधीच लिहून ठेवावी लागते.