चहासोबत घेतलेली गोळी

"भाऊ, हाई गोयी माले नको. लिधी का पोट बिघडस." ऐन कापूस वेचणीत एक मावशी मेडिकलमध्ये येऊन गोळ्यांची स्ट्रिप परत करायला लागल्या. पारोळ्याकडच्या गावातल्या, वय पंचावन्नच्या आसपास. साखर नवीनच निघाली होती आणि डॉक्टरांनी मेटफॉर्मिन लिहून दिलं होतं. रोज शेतात पोचल्यावर दोन-तीन वेळा कपाशीच्या आड पळावं लागायचं. चारचौघींत लाज वाटायची, म्हणून चार दिवसांपासून त्यांनी गोळी बंदच केली होती.

मी विचारलं, "गोळी कशासोबत घेता?" म्हणाल्या, सकाळी सहाला, चहासोबत. मग शेत, आणि दादर ज्वारीची भाकरी-ठेचा अकरा वाजता. म्हणजे ५०० मिलीग्रॅमची गोळी पाच तास जवळजवळ रिकाम्या पोटात होती. डॉक्टरांनी "जेवणासोबत" असं सांगितलं होतं, पण आपल्याकडे सकाळचा चहा झाला की पोटात काहीतरी गेलं असंच धरतात. कपभर चहा या गोळीसाठी जेवण नाही.

मेटफॉर्मिन पोटाला का त्रास देतं, ते बघू. ही गोळी मुख्यतः लहान आतड्याच्या वरच्या भागातून रक्तात शिरते आणि तोंडावाटे घेतलेल्यातलं साधारण निम्मंच औषध रक्तात पोचतं. रक्तात जेवढं असतं त्याच्या कितीतरी पट औषध आतड्याच्या भिंतीत साठतं. तिथे ते पित्तक्षार, म्हणजे पित्तातले चरबी पचवायला मदत करणारे घटक, परत शोषून घेण्याचं काम मंदावतं. न शोषलेले पित्तक्षार मोठ्या आतड्यात उतरतात, तिथे पाणी ओढून घेतात आणि जुलाब होतात. आतड्याच्या हालचालीवर परिणाम करणारं सेरोटोनिन आणि आतड्यातले जंतू यांच्यातही औषधामुळे बदल होतात, पण त्रासात कुणाचा वाटा किती, हे पूर्ण उलगडलेलं नाही. एवढं नक्की, की साधी गोळी रिकाम्या पोटी गेली तर सगळा भार एकदम पडतो. अन्नासोबत घेतली तर ती हळूहळू पुढे सरकते आणि रक्तातली सर्वोच्च पातळीही कमी राहते.

म्हणून गोळी जेवणाच्या मध्यात किंवा जेवण संपता संपता घ्यायची. मात्राही सावकाश वाढवायची असते. साधारणपणे ५०० मिलीग्रॅमपासून सुरुवात आणि आठवडाभराने पुढची पायरी. पहिल्याच दिवसापासून १००० मिलीग्रॅम दोनदा दिलं, तर चांगलं सहन करणाराही वैतागेल. बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. या काळात गोळी सोडून दिली तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागू शकतं.

मावशींना मी डॉक्टरांकडे परत पाठवलं. त्यांनी गोळी बदलून "एसआर" दिली, रात्रीच्या जेवणासोबत एक. एसआर म्हणजे हळूहळू सुटणारी. स्ट्रिपवर एक्सआर किंवा ईआर लिहिलेलं असलं तरी अर्थ तोच. पुष्कळ एसआर गोळ्या पोटात पाणी पिऊन फुगतात, जेलसारख्या होतात आणि औषध कित्येक तास झिरपत राहतं. साध्या गोळीची पातळी दोन-तीन तासांत टोकाला जाते, एसआरची साधारण सात तासांनी. म्हणून ती सहसा रात्री घेतात. तीही जेवणासोबतच, कारण अन्न असलं की तिचं शोषण चांगलं होतं.

ही गोळी मोठी असते. गिळायला जड म्हणून काहीजण ती कुस्करून घेतात आणि सगळा उद्देश फुकट जातो, कारण कुस्करलेलं औषध एकदम सुटतं. गिळताच येत नसेल तर डॉक्टरांना सांगावं. शौचात कधी गोळीचं रिकामं कवच दिसतं, तेव्हा घाबरू नये. औषध आधीच निघून गेलेलं असतं.

एसआरनेही काहींना त्रास होतोच, तेव्हा डॉक्टर दुसरं औषध देतात. आणि प्रत्येक जुलाब या गोळीचा नसतो. ताप, रक्त किंवा वजन घटणं दिसलं, तर लगेच तपासणी हवी. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालं असेल, तर डॉक्टरांना फोन करून गोळी थांबवायची का ते विचारा. अशा वेळी मूत्रपिंडावर ताण येतो आणि औषध शरीरात साठू शकतं. वर्षानुवर्षं गोळी सुखाने चालू असताना अचानक जुलाब लागले, तरी मेटफॉर्मिनचा संशय घ्यायला हवा; डॉक्टर काही दिवस गोळी बंद ठेवून फरक पडतो का ते बघतात.

आणखी एक गोष्ट. नुसतं मेटफॉर्मिन सहसा साखर फार खाली नेत नाही. पण एकाच गोळीत ग्लिमेपिराइड हे साखर उतरवणारं दुसरं औषधही असेल, तर ती घेऊन जेवण टाळलं की साखर धोकादायक खाली उतरू शकते. स्ट्रिपवरची दोन्ही नावं वाचून घ्या.

दोन आठवड्यांनी मावशी आल्या. पहिले तीन-चार दिवस पोट थोडं गुरगुरलं, मग थांबलं. डॉक्टरांनी आता मात्रा वाढवली होती, त्यासाठी नवी चिठ्ठी होती. सकाळचा चहा त्या अजूनही सहालाच घेतात, फक्त गोळी रात्रीच्या ताटाशेजारी ठेवलेली असते.